विक्रीवर ठेवलेल्या मालाचा हिशेब: चलन, परत माल आणि महिन्याचा उतारा

मी इचलकरंजीत खणाच्या पिशव्या, बटवे आणि चष्म्याची पाऊच शिवते. खण गुळेदगुड्डचा येतो, शिलाई घरीच होते आणि विक्री कोल्हापुरातल्या दोन-तीन दुकानांतून. या दुकानांना मी माल विकत नाही, ठेवून येते. विकला गेला की दुकानदार आपलं कमिशन कापून मला पैसे देतात, नाही विकला तर माल परत. जुने व्यापारी याला जांगड म्हणतात, आताचे दुकानदार 'कमिशनवर ठेवलाय' म्हणतात.

पहिल्या वर्षी एका दुकानात साठ पिशव्या ठेवल्या होत्या. चलन केलं नव्हतं, वहीत तारीख आणि 'पिशव्या ६०' एवढंच लिहिलं होतं. पाच महिन्यांनी पंचवीस पिशव्यांचे पैसे मिळाले आणि बावीस परत आल्या. उरलेल्या तेरा कुठे गेल्या ते दुकानदारालाही सांगता येईना. ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्याच रॅकवर आणखी दोघींच्या पिशव्या होत्या, टॅग कुणाच्याच मालाला नव्हता आणि काउंटरवरचा मुलगा दिवाळीपुरता आलेला होता. त्या तेरा पिशव्यांचे पैसे मला मिळाले नाहीत, कारण मागायला माझ्याकडे कागदच नव्हता.

तेव्हापासून मी दुकानात गेल्यावर 'काय काय विकलं गेलं?' हा प्रश्न आधी विचारत नाही. आधी उरलेला माल मोजते. विक्री कुणी सांगायची नसते, ती शिल्लक मोजून काढायची असते:

आधीची शिल्लक + नवा दिलेला माल − परत घेतलेला माल − आज मोजलेली शिल्लक = विक्री

पुढचं सगळं या एका ओळीतले आकडे खरे राहावेत म्हणून आहे.

माल ठेवण्याआधी काय लिहून घ्यायचं

करारनामा वगैरे मोठं काही लागत नाही. एका पानावर पाच-सहा ओळी आणि दोघांच्या सह्या पुरतात. पण त्या ओळी नेमक्या हव्यात.

सगळ्यात आधी कमिशन कशावर, ते ठरवा. दुकानदार 'तीस टक्के' म्हणतात तेव्हा त्याचे दोन अर्थ निघतात. माझ्या पिशवीची विक्री किंमत ४५० रुपये आहे. त्यावर तीस टक्के कमिशन म्हणजे १३५ रुपये दुकानाचे आणि ३१५ माझे. दुसरा अर्थ असा, की माझा दर ३१५ आणि दुकानदार त्यावर तीस टक्के चढवणार. तेव्हा पिशवी साधारण ४१० रुपयांना विकली जाते. मला दोन्हींत ३१५च मिळतात, पण शेजारच्या दुकानात तीच पिशवी ४५०ला लटकत असेल तर तो दुकानदार महिन्याभरात माझ्याकडे तक्रार घेऊन येणार. म्हणून कागदावर 'कमिशन विक्री किमतीवर ३० टक्के' असं लिहा आणि वस्तूंच्या किमतींची यादी सोबत जोडा.

दुसरं म्हणजे सूट. दिवाळीत दुकानभर दहा टक्के सूट लागते आणि तुमचा मालही त्यात जातो. ४५०ची पिशवी ४०५ला गेली आणि कमिशन त्या ४०५वर धरलं, तर तुमच्या हातात २८३ रुपये ५० पैसे येतात. सूट दुकानाने आपल्या कमिशनमधून दिली, तर तुमचे ३१५ तसेच राहतात आणि दुकानाला ९० मिळतात. दोन्ही पद्धती चालतात, मी दोन्ही केल्या आहेत. भांडण होतं ते आधी ठरलेलं नसतं म्हणून. माझ्या कागदावर ओळ असते: 'न विचारता दिलेली सूट दुकानाच्या कमिशनमधून'. सेलच्या आधी दुकानदाराने फोन करून विचारलं तर मी बहुतेक वेळा अर्धी सूट सोसते.

तिसरी ओळ मालकीची आणि मुदतीची. ही कागदी वाटते, पण हिच्यामागे कायदा आहे. १९३०च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम २४ सांगतं, की 'पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत करा' अशा अटीवर दिलेला माल घेणाऱ्याने ठरलेली मुदत उलटून गेल्यावरही ठेवला आणि नको असल्याचं कळवलं नाही, तर मालकी त्याच्याकडे जाते. म्हणजे माल त्याचा आणि पैसे त्याने तुम्हाला देणं लागतं. मुदत ठरलेलीच नसेल तर 'वाजवी काळ' धरला जातो, आणि वाजवी म्हणजे किती यावर वाद घालत बसावं लागतं. दुकान तुमच्या वतीने माल विकत असेल तर ते तुमचं एजंट ठरतं. मग १८७२च्या करार कायद्याचं कलम २१३ लागू होतं: तुम्ही मागाल तेव्हा एजंटने नीट हिशेब दिला पाहिजे. मी दुसरा मार्ग घेते. माझी ओळ अशी आहे: 'विकला जाईपर्यंत माल शिवणारीचा. दुकान तिच्या वतीने विकेल. ९० दिवसांत न विकलेला माल दोघांपैकी कुणीही सांगितलं की परत होईल.' दुकान बंद पडलं, किंवा त्याचे घेणेकरी दारात उभे राहिले, तर 'हा माल दुकानाचा नाही' हे दाखवायला हाच कागद लागतो.

चौथी ओळ हरवलेल्या आणि खराब झालेल्या मालाची: 'मोजणीत कमी भरलेला माल विकला गेला असं धरून हिशेब होईल.' ही ओळ मांडताना नवख्या बायका संकोचतात. संकोचायचं कारण नाही. काउंटर, कुलूप, कामाला असलेली मुलं, सगळं दुकानाच्या हातात आहे. तुम्ही तिथे महिन्यातून एकदा जाता. चांगला दुकानदार ही ओळ लगेच मान्य करतो. फार तर म्हणतो, 'ताई, महिन्याला एखादा नग इकडेतिकडे होणारच, त्यावर आमचं कमिशन तरी कापू द्या.' ते रास्त आहे. हरवलेल्या नगावर मी फक्त माझा वाटा घेते, पूर्ण किंमत नाही.

जीएसटीचं थोडक्यात सांगते. फक्त वस्तू विकणाऱ्याला, तेही राज्यातल्या राज्यात, महाराष्ट्रात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. तुमची नोंदणी असेल तर विक्रीवर पाठवलेल्या मालाचं बिल तो विकला गेल्यावर, किंवा माल पाठवल्यापासून सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावं लागतं. म्हणून ९० दिवसांची मुदत दुहेरी उपयोगाची. दुकानाची नोंदणी असेल आणि ते स्वतःच्या नावाने बिल करत असेल, तर कमिशन कर धरून येणाऱ्या किमतीवर की कराआधीच्या, तेही त्याच पानावर लिहा. खालच्या उदाहरणातलं दुकान छोटं आहे, त्याच्या बिलावर जीएसटी नाही.

चलन आणि टॅग

माल दुकानात गेला की चलन झालंच पाहिजे. स्टेशनरीच्या दुकानात कार्बन घालायचं, नंबर छापलेलं चलन बुक मिळतं, तेच घ्या. वरचं पान दुकानाला, खालचं तुमच्याकडे. चलनावर तारीख, वस्तू, नग, एका नगाची विक्री किंमत आणि ठळक अक्षरात 'विक्रीवर ठेवण्यासाठी, विक्री नाही' एवढं असावं. रंगवार नोंद करत बसू नका. किंमत वेगळी असेल तरच वेगळी ओळ. पिशव्या मोजून घेणाऱ्याने सहीखाली स्वतःचं नाव लिहावं. नुसता दुकानाचा शिक्का पुरत नाही, कारण तीन महिन्यांनी 'कुणी घेतला होता माल?' या प्रश्नाला शिक्का उत्तर देत नाही.

दुकान उघडताना किंवा संध्याकाळच्या गर्दीत माल देऊ नका. 'ठेवा तिथे, नंतर मोजतो' असं ऐकू आलं की मी पिशवी परत खांद्याला लावते आणि चहा घेऊन अर्ध्या तासाने येते. न मोजलेला माल दिला म्हणजे पहिल्याच दिवशी हिशेब सैल झाला.

टॅग मी जाड खाकी कागदाचा करते, दोन भागांचा, मध्ये शिवणयंत्राने रिकाम्या सुईने टिपा मारून. दोरा न ओवता मशीन चालवलं की भोकांची सरळ ओळ पडते आणि तुकडा हाताने सहज फाटतो. वरच्या भागावर किंमत. खालच्या तुकड्यावर वस्तूचं अक्षर आणि चलनाचा नंबर: 'पि-१७' म्हणजे सतराव्या चलनातली पिशवी, 'ब-१७' म्हणजे बटवा. वस्तू विकली की काउंटरवर खालचा तुकडा फाडून माझ्या नावाच्या डब्यात टाकायचा. एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा मीच दुकानात देऊन ठेवते. बिलाच्या मशीनवर कुणी चुकीचं बटण दाबलं तरी डब्यातला तुकडा खरं सांगतो. आणि रॅकवर चलन नऊची पिशवी दिसली की ती किती दिवस पडून आहे ते मला कुणाला विचारावं लागत नाही.

मोजणी

दर महिन्याला एक ठरलेला दिवस. माझा महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळी दुकान उघडायच्या वेळी. दुकानातलं एक माणूस सोबत हवंच. तुम्ही एकट्याने मोजलेलं ते मानणार नाहीत, आणि त्यांनी एकट्याने मोजलेलं तुम्ही मानू नये.

मोजताना रॅकवरचा माल सगळ्यांनाच दिसतो. चुकतो तो बाकीच्या जागांचा: शोकेसमध्ये टांगलेला एखादा नग, माळ्यावरच्या खोक्यात राहिलेले, काउंटरखाली कुणा गिऱ्हाइकाने 'उद्या नेते' म्हणून बाजूला ठेवलेले, आणि दुकानदाराने कुठल्या प्रदर्शनाला नेलेले. मी या चारही जागा तोंडाने विचारते, दर वेळी, त्याच क्रमाने. एकदा बटव्यांचा एक गठ्ठा साडीच्या खोक्याखाली सापडला होता. तो न विचारता निघाले असते, तर पाच बटव्यांचे पैसे दुकानाने विनाकारण भरले असते, आणि पुढच्या महिन्यात ते सापडल्यावर माझ्या सगळ्याच हिशेबावरचा त्यांचा भरवसा उडाला असता.

मोजलेले आकडे तिथल्या तिथे कागदावर, दोघांच्या सह्या आणि मोबाइलवर फोटो. पैशांचं बोलणं त्यानंतर.

एका महिन्याचा हिशेब, आकड्यांसह

दिवाळीच्या महिन्याचा, म्हणजे ऑक्टोबरचा हिशेब घेऊ. पिशवी ४५० रुपये, बटवा १८०, पाऊच १२०. कमिशन तीस टक्के. महिन्याच्या सुरुवातीला दुकानात माझ्या १४ पिशव्या, २२ बटवे आणि ९ पाऊच होती. सहा तारखेला चलन १७ने १० पिशव्या, २० बटवे आणि १५ पाऊच दिली. महिनाअखेरीस २ पिशव्या आणि ४ पाऊच परत आणली. मग मोजणी केली.

| वस्तू | आधीची शिल्लक | नवा माल | परत | मोजलेली शिल्लक | निघालेली विक्री |
|---|---|---|---|---|---|
| पिशवी | १४ | १० | २ | ९ | १३ |
| बटवा | २२ | २० | ० | ११ | ३१ |
| पाऊच | ९ | १५ | ४ | ८ | १२ |

दुकानाच्या बिलांवरून निघालेली विक्री वेगळी होती: पिशव्या १३, बटवे २८, पाऊच १४. पिशव्या जुळल्या. बटवे तीन कमी आणि पाऊच दोन जास्त. जास्त विक्री दिसते म्हणजे फायदा झाला, असं समजून गप्प बसू नका. दुकानातून कमी झाली त्यापेक्षा जास्त पाऊच विकली जाणं शक्यच नाही. एका वस्तूची विक्री वाढलेली आणि दुसरीची घटलेली दिसली की बहुतेक वेळा बिल करताना वस्तूची अदलाबदल झालेली असते.

डबा उघडून तुकडे मोजले. 'ब'चे तीस निघाले, 'पा'चे बारा. म्हणजे दोन बटवे पाऊच म्हणून बिलात गेले होते, तेही १२० रुपयांना. उरला एक बटवा. त्याचा तुकडाही नव्हता आणि तो दुकानातही नव्हता. तो हरवला.

दोन बटव्यांच्या बाबतीत मी पूर्ण १८० धरले, कारण चूक काउंटरवर झाली होती. हरवलेला बटवाही कागदावरच्या ओळीप्रमाणे विकल्यात धरला. दुकानदार म्हणाले, 'बिलात तर एकशे वीसच आलेत, ताई.' मी त्यांच्यापुढे डब्यातले तीस तुकडे दहा-दहाचे ढीग करून ठेवले. त्यांनी ते स्वतः मोजले आणि विषय तिथेच संपला. त्याच दिवशी बटव्याचा टॅग मी पिवळ्या कागदावर करायचं ठरवलं, म्हणजे पाऊचच्या टॅगशी घोटाळा होणार नाही.

आता पैसे. १३ पिशव्यांचे ५,८५० रुपये, ३१ बटव्यांचे ५,५८०, १२ पाऊचचे १,४४०. एकूण विक्री १२,८७०. त्यातून तीस टक्के कमिशन ३,८६१ वजा केलं, माझे राहिले ९,००९. दुकानाच्या बिलांवर विसंबले असते तर माझ्या हाती ८,७९९ आले असते. फरक २१० रुपयांचा. रक्कम मोठी नाही, पण तीन दुकानं आणि बारा महिने धरले की एका माणसाच्या शिलाईचे पैसे त्यात जातात.

परत माल

न विकलेला माल परत आणताना दोन चुका होतात. एक, तो नुसता पिशवीत कोंबून आणला जातो आणि चलन होत नाही. मग पुढच्या महिन्यात तो 'दुकानात आहे' असाच धरला जातो, मोजणीत कमी भरतो, आणि तुम्ही नकळत दुकानाकडून तुमच्याच घरात असलेल्या मालाचे पैसे मागता. म्हणून परतीचं वेगळं चलन, त्याच बुकातून, वर 'परत' लिहून. त्यावर सही तुमची आणि पान दुकानाचं.

दुसरी चूक म्हणजे घरी येऊन माल तपासणं. घरी डाग दिसला तर तो दुकानात पडला की एसटीत, हे कसं ठरणार? प्रत्येक नग दुकानाच्या दारात, उजेडात उघडून बघा. पिशवीचे बंद ओढून बघा, आतला अस्तर उलटा करा, काठाचा रंग आणि घडीतला रंग शेजारी धरा. खणाचा रंग उन्हाने उडतो तो घडीच्या बाहेरच्या पट्टीवर आधी दिसतो. लाल खण असेल तर ती पट्टी विटकरी होते. हात लावून लावून मळलेल्या पिशवीची काठाजवळची कड काळपट होते, पाण्याने ओल्या बोटाने घासली की कळतं.

परतीच्या चलनावर मी दोनच रकाने करते: 'चांगला' आणि 'बिघडलेला'. बिघडलेल्यापुढे कारण एका शब्दात. मग प्रश्न येतो तो नुकसान कुणाचं. माझा नियम असा: दाखवायला म्हणून मीच शोकेसमध्ये लावायला सांगितलेल्या नगाचा रंग उडाला तर नुकसान माझं. चहा सांडला, टॅगच्या पिनने फाटलं, गिऱ्हाइकाने वापरून परत आणलेलं दुकानाने घेतलं, तर तो नग विकला गेला असं धरायचं. या महिन्यात परत आलेल्या चार पाऊचपैकी एकाची कड उन्हाने उडाली होती. ते मीच काचेत लावायला सांगितलं होतं, म्हणून काही न बोलता परत घेतलं. पिशव्या दोन्ही चांगल्या होत्या, चलन ९च्या, म्हणजे मुदतीच्या काठावरच्या. त्या मी दुसऱ्या दुकानात लावल्या. टॅग मात्र नवा लावला, जुन्या नंबरावर नाही.

विकून झालेली वस्तू गिऱ्हाइकाने पुढच्या महिन्यात परत आणली तर मागचा हिशेब उघडू नका. चालू महिन्याच्या विक्रीतून ती वजा करा आणि तो नग आधीच्या शिल्लकीत जमा करा. यासाठीही मुदत ठरलेली असावी. माझ्याकडे ती सात दिवस आहे, आणि टॅगचा वरचा भाग सोबत असेल तरच.

परतीचं गाडीभाडं कुणी द्यायचं हे नेताना ठरवा. मी स्वतः जाते, त्यामुळे प्रश्न येत नाही. लांबच्या दुकानाला पार्सल जात असेल तर सोपा नियम असा, की पाठवताना तुमचं, परत येताना त्यांचं. असं असलं की दुकानदार गरज असेल तेवढाच माल मागवतो. दिवाळीच्या आधी दहा दिवस मात्र मी कुठूनच माल परत आणत नाही. तो तेव्हाच जातो.

उतारा आणि बाकी

मोजणीनंतर दोन दिवसांत मी महिन्याचा उतारा स्वतः तयार करून दुकानाला पाठवते. दुकानाने करायची वाट बघत नाही. उतारा एका पानात बसला पाहिजे आणि ज्याने मोजणी पाहिली नाही त्यालाही कळला पाहिजे. वर दुकानाचं नाव आणि महिना, मग वरचा तक्ता, त्याखाली चलनांचे नंबर, आणि शेवटी पैशांचा भाग. ऑक्टोबरचा तो असा होता:

मागील बाकी: ५०० रुपये
या महिन्याची विक्री: १२,८७० रुपये
कमिशन ३० टक्के: वजा ३,८६१ रुपये
या महिन्याचं येणं: ९,००९ रुपये
एकूण येणं: ९,५०९ रुपये
८ नोव्हेंबरला यूपीआयने मिळाले: ९,००० रुपये
पुढे ओढलेली बाकी: ५०९ रुपये
दुकानात शिल्लक माल: पिशव्या ९, बटवे ११, पाऊच ८

मागील बाकीची ती पाचशेची ओळ बघा. दुकानदारांना गोल रकमेत पैसे द्यायची सवय असते. नऊ हजार नऊ असतील तर नऊ हजार पाठवतात, 'उरलेले पुढच्या वेळी'. यात गैर काही नाही, पण ते 'उरलेले' उताऱ्यावर ओढले नाहीत तर दोन महिन्यांत विसरले जातात. यूपीआयने पैसे आले की नोंदीच्या जागी 'ऑक्टो हिशेब' लिहायला सांगा. रोख घेतली तर पावती द्या, तुमच्याकडे एक प्रत ठेवा. एका महिन्याचे पैसे दुसऱ्या महिन्यात मिसळले की नंतर दोघांनाही ओढाताण होते.

उताऱ्यासोबत वॉट्सअॅपवर मी एवढंच लिहिते: 'काका, ऑक्टोबरचा हिशेब पाठवला आहे. बघून सात दिवसांत काही फरक असेल तर सांगा, नाहीतर ठीक आहे असं कळवा.' 'ठीक आहे' हे उत्तर आलं की ते जपून ठेवते. देणं मान्य केल्याचं सही असलेलं लेखी उत्तर, येणं मागायची मुदत संपायच्या आत मिळालं, तर त्या तारखेपासून ती मुदत नव्याने मोजली जाते. आणि खरं सांगायचं तर कोर्टापर्यंत कुणी जात नाही. या दोन शब्दांचा उपयोग दुकानदार बदलतो, त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसायला लागतो, तेव्हा होतो. त्याला आधीचं काही माहीत नसतं.

दोन महिने पैसे आले नाहीत आणि फोन उचलला जात नाही, असं झालं तर आधी नवा माल थांबवा. मग भांडायला नाही, मोजायला जा. मोजणीचा कागद हातात घेतल्यावर उरलेला सगळा माल परतीच्या चलनाने घरी आणा. पैसे मिळायला वेळ लागला तरी माल तुमच्याकडे आलेला असतो आणि बाकी नेमकी किती ते दोघांना कळलेलं असतं.

दुकान सोडताना, मग ते गोडीने असो वा नसो, शेवटचा उतारा वेगळा करते. गिऱ्हाइकाने परत आणायची सात दिवसांची मुदत संपू देते, मग शेवटची मोजणी, सगळा माल परत, मागील बाकीसकट एकच रक्कम. त्याखाली दोघांच्या सह्यांनी एक ओळ: 'माल शून्य, बाकी शून्य, दोघांचं काही येणं-देणं नाही.' डब्यातले उरलेले तुकडे मी मोजून पाकिटात घालून त्या उताऱ्याला टाचते आणि रिकामा डबा पुढच्या दुकानासाठी घेऊन येते.